जिन्याखालचा सबमीटर

"मानवजातीच्या इतिहासात आजवर जेवढी म्हणून भांडणं झाली, त्यातली निम्मी माप नव्हतं म्हणून झाली, आणि उरलेली निम्मी माप होतं पण ते कुणी वाचलं नाही म्हणून झाली!"

हे वाक्य मापकाकांनी स्टुलावर उभं राहून उच्चारलं. स्टुलाचा एक पाय आखूड होता आणि त्याखाली काकांचीच एक चप्पल सरकवलेली होती. त्यामुळे मानवजातीबद्दल बोलताना त्यांचा एक पाय चपलेत आणि दुसरा अनवाणी होता. श्रोता एकच, वायरमन. त्याच्या ओठांत तीन स्क्रू धरलेले असल्यामुळे त्याला सहमती दाखवता आली नाही. तो खाली उभा होता, कारण स्टूल रिकामं नव्हतं.

"काका, उतरता का?" स्क्रू हातात घेऊन तो म्हणाला. "मला चढायचंय."

मापकाका उतरले. चौतीस वर्षं ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. बाजारात ते दिसले की दुकानदार आधी नमस्कार करत आणि मग तराजू पुसत. काका मात्र नमस्काराकडे पाहत नसत आणि तराजूकडेही लगेच पाहत नसत. ते आधी पारडं उलटं करत. पारड्याखाली शिशाचा तुकडा, चुंबक, चिंचोक्याएवढा डांबराचा गोळा, काय काय म्हणून निघालेलं होतं! निवृत्त होताना खात्याने त्यांना शाल आणि एक किलोचं पितळी वजन दिलं. शाल कपाटात गेली. वजन बैठकीत आलं, आणि पाहुणा आला की ते त्याच्या हातात दिलं जाई. "बघा, किती भरेल?" पाहुणा म्हणे, एक किलो. काका म्हणत, "बरोब्बर." भेट बहुधा इथेच संपे.

अशा माणसाच्या घरात वीज माणशी वाटली जात होती, ही त्यांच्या उतारवयातली खरी जखम. खाली ते आणि काकू, वरच्या खोलीत टेलरबाई. माणसं तीन, म्हणून बिलाचे भाग तीन, दोन खाली आणि एक वर. टेलरबाई तीन वर्षांपूर्वी आल्या तेव्हा काकूंनी हा हिशेब चहा ओतता ओतता ठरवला होता. काकांना तो पहिल्या दिवसापासून खुपत होता. "माणशी वीज!" ते म्हणत. "माणूस काय शंभर वॅटचा असतो? वर ती इस्त्री तापतेय सकाळपासून!"

टेलरबाईंनाही तो खुपत होताच, फक्त उलट्या बाजूने. खाली फ्रीज, टीव्ही, मिक्सर, आणि आपल्या खोलीत एक शिलाई मशीन. शेवटी त्यांनीच सुचवलं, "काका, मला सबमीटर लावून द्या. माझी वापरलेली वीज माझी, तुमची तुमची. म्हणजे तुमच्याही मनात नको आणि माझ्याही."

काकांना भरून आलं. इतक्या वर्षांत कुणी आपण होऊन माप मागितल्याचं त्यांना आठवत नव्हतं. त्याच दिवशी ते दुकानात गेले, सहा मीटर पाहिले, दुकानदाराला दम लागेपर्यंत प्रश्न विचारले आणि सातवा घेऊन आले. येताना रिक्षात तो मांडीवर ठेवला होता.

आता वायरमनपुढे प्रश्न होता तो जागेचा.

"वर लावू," वायरमन म्हणाला. "बाईंच्या दाराशी, त्यांच्या मेन स्विचच्या अलीकडे. त्याच्या पुढे फक्त त्यांचीच खोली. म्हणजे भानगड नाही."

"वर?" काका म्हणाले. "अरे बाबा, माप नजरेसमोर हवं. दुकानदार तराजू आत ठेवायला लागला की समजायचं, काहीतरी काळंबेरं आहे. इथे लाव. जिन्याखाली. वर जाणारी केबल इथूनच जाते ना?"

"जाते. पण काका, वरच्या केबलवर अजून काय काय असेल, कुणी सांगावं? जुनं वायरिंग आहे."

"वर एक खोली आहे आणि तिच्यात एक बाई आहे," काका म्हणाले. "मी घरमालक आहे. मला माहीत नसणार?"

"घर तुमचं," वायरमन म्हणाला. हे तो दिवसातून चार वेळा म्हणत असे आणि नंतर कधीकधी पुन्हा बोलावला जात असे.

त्याने घराचा मेन स्विच पाडला, टेस्टर लावून तार मेल्याची खात्री केली आणि मीटरचं खालचं झाकण उघडलं. झाकणाच्या आत जोडणीचं चित्र होतं. काकांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं, वायरमनला वाचता येत असूनही. चार स्क्रू. दोन आत येणाऱ्या तारांचे, दोन बाहेर जाणाऱ्यांचे.

"दोन्ही तारा मीटरमधून जाणार," वायरमन म्हणाला. "फेजही आणि न्यूट्रलही. काही लोक न्यूट्रल बाहेरून सोडतात, मग मीटर रडतो."

"अर्धं माप म्हणजे फसवणूकच," काका म्हणाले.

केबल कापली गेली, तारा घट्ट बसल्या, झाकण लागलं, मेन स्विच वर गेला. मीटरच्या पडद्यावर शून्यं उमटली. वर टेलरबाईंनी मशीन सुरू केलं आणि मीटरवरचा लहानसा लाल दिवा मिणकला. काही क्षणांनी पुन्हा मिणकला. काकांनी हात जोडले नाहीत, पण चष्मा काढून पुसला.

नुसत्या विश्वासावर माप चालू करणारे ते नव्हते. मीटरवर छापलं होतं की लाल दिवा तीन हजार दोनशे वेळा मिणकला की एक युनिट झालं. काकांनी वर जाऊन टेलरबाईंना सगळं बंद करायला लावलं आणि खोलीत दोनशे वॅटचा एक बल्ब लावला.

"इस्त्री लावू का?" टेलरबाईंनी विचारलं. "ती हजारची आहे, लवकर होईल."

"इस्त्री तापली की आपली आपण बंद होते आणि गार झाली की चालू होते," काका म्हणाले. "तिच्या शब्दावर जाऊन चालणार नाही. बल्ब प्रामाणिक असतो."

मग ते खाली येऊन घड्याळ लावून बसले. दोनशे वॅट, सहा मिनिटं, म्हणजे चौसष्ट वेळा मिणकायला हवं. त्रेसष्ट वेळा मिणकलं.

"एक कमी," काकू म्हणाल्या. त्या भाजी निवडत शेजारी बसल्या होत्या आणि मनातल्या मनात त्यांनीही मोजलं होतं.

"ती व्होल्टेजची," काका म्हणाले. "मीटर खरा आहे."

त्यांनी जुन्या पेटीतून शिशाची गोळी, तार आणि चिमटा काढला आणि मीटरच्या झाकणाला सील ठोकलं. नोंदवही घातली. रोज सकाळी फिरून आल्यावर, बरोबर सात वाजता, ते आकडा वाचत आणि लिहीत. पहिला आठवडा टेलरबाईंना सहीसाठी खाली बोलावण्यात येत होतं. मग त्यांनी सात दिवसांच्या सह्या एकदम केल्या आणि काकांना ते गैर वाटलं.

महिना भरला. आकडा आला एकशे अठरा.

टेलरबाई खाली आल्या. गळ्यात टेप, हातात कापड कापायचा तपकिरी कागद, आणि त्यावर खडूने केलेला हिशेब. "काका, मशीन शंभर वॅटचं, रोज सहा तास. पंखा, दोन ट्यूब. इस्त्री धरून चालले तरी माझं रोजचं दोन युनिटांच्या आत बसतं. महिन्याचे साठसुद्धा होत नाहीत. हे दुप्पट कुठून आलं?"

"मापातून आलं," काका म्हणाले. "माणसाला वाटतं आपण कमी वापरतो. दुकानदारालाही वाटतं आपण भरपूर देतो. म्हणून तर माप लागतं."

"म्हणजे मी चोरून शेगडी लावते?"

"मी कुठे असं म्हटलं? मीटर म्हणतोय."

"मग तुमचा मीटर खोटा आहे."

काकूंनी कुकरचा गॅस बारीक केला, नीट ऐकू यावं म्हणून.

खोटा! काकांनी हा शब्द आयुष्यभर दुसऱ्यांना लावला होता. तो आपल्याकडे तोंड करून आलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता. गावभर त्यांच्यावर चिडलेले दुकानदार होते, त्यांनी काकांना खडूस म्हटलं होतं, कजाग म्हटलं होतं, एकाने तर कापूस जोखणारा कोल्हा म्हटलं होतं आणि त्याचा अर्थ कुणालाच लागला नव्हता. पण खोटा कुणी म्हटलं नव्हतं.

"पुन्हा तपासतो," ते म्हणाले. पुन्हा बल्ब लागला. पुन्हा सहा मिनिटं. पुन्हा त्रेसष्ट.

"घ्या," काका म्हणाले.

टेलरबाईंनी टेप गळ्यातून काढून हाताला गुंडाळला. गिऱ्हाईक माप चुकलं म्हणून भांडायला आलं की त्या असंच करत. "काका, मी परवा आठ दिवस बहिणीकडे जातेय. तिचं नवं घर लावायचंय. जाताना मेन स्विच पाडते, कुलूप लावते, किल्ली माझ्याकडे. निघतानाचा आकडा दोघं मिळून लिहू. आले की दोघं मिळून वाचू. आकडा हलला नसेल, तर माझंच चुकलं, मी माफी मागेन. हलला असेल तर मला दुसरी खोली बघावी लागेल. वीज राहू द्या, पण मला चोर ठरवणाऱ्या मापाखाली मी नाही राहणार."

"हलला," काका म्हणाले, "तर मी स्वतः घराबाहेर पाटी लावीन, इथे खोटं माप चालतं म्हणून."

"अहो," काकू आतून म्हणाल्या, "पाटीबिटी नको हं. गेट आत्ताच रंगवलंय."

टेलरबाई गेल्या. मेन स्विच पाडलेला काकांनी जातीने पाहिला. कुलूप ओढून पाहिलं. दोघांच्या सह्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता काका फिरून आले, वही उघडली, चष्मा चढवला. आकडा दोनने पुढे गेला होता.

काकांनी चष्मा पुसून पुन्हा वाचला. चष्म्याचा काही दोष नव्हता. ते वर गेले आणि खिडकीच्या फटीतून डोकावले. पंखा स्तब्ध. मशीनवर झाकण. खुर्चीत अर्ध्या बाहीचा कुणाचा तरी शर्ट, तोही स्वस्थ. त्यांनी वहीत खरा आकडा लिहिला, पण नेहमीपेक्षा बारीक अक्षरात.

तिसऱ्या दिवशी आणखी दोन. चौथ्या दिवशी आणखी दोन.

काही मीटर नुसत्या दाबावर, काही चालू नसताना, आपले आपण पुढे सरकतात असं काकांनी वाचलं होतं. तो रोग असेल तर दिवा अधूनमधून मिणकणार. पाचव्या दिवशी त्यांनी जिन्याखाली खुर्ची टाकली आणि सकाळी दहापासून संध्याकाळी चारपर्यंत मीटरकडे पाहत बसले. जेवणही तिथेच झालं. दिवा एकदाही मिणकला नाही. काका एकदोनदा पेंगले असतील, पण त्यांचं म्हणणं की तेव्हाही त्यांचं लक्ष होतं.

"काय पाहताय?" काकूंनी विचारलं.

"काही नाही."

"मग किती वेळ पाहणार?"

चारनंतर ते उठले, कारण पाचला काकू पंप लावून घराची गच्चीवरची टाकी भरत आणि बागेला पाणी घालत. सकाळी सहा ते सात आणि संध्याकाळी पाच ते सहा हे दोन तास काका घरात थांबत नसत. एक तर पंप फार घरघरायचा. दुसरं म्हणजे झाडाला किती लिटर पाणी लागतं याबद्दल त्यांनी एकदा मत दिलं होतं, तेव्हा काकूंनी पाइप त्यांच्या दिशेने वळवला होता. चुकून, असं काकू म्हणाल्या. तेव्हापासून काका दोन्ही वेळा फिरायला जात. तब्येत उत्तम होती.

सहाव्या दिवशी सकाळी आकडा पुन्हा दोनने पुढे होता.

आता खरी गोम अशी होती की हे त्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. सील त्यांचं. वही त्यांची. चिमटा त्यांच्या पेटीत. मीटर बदलून सारखा दिसणारा दुसरा लावला आणि आकडा जुळवला तर बाई आल्यावर माफी मागणार, राहणार, सगळं सुरळीत. हा विचार त्यांच्या मनात आला. तो आला तेव्हा ते बैठकीत होते आणि समोर एक किलोचं पितळी वजन होतं. काकांनी ते उचलून कपाटात, शालीखाली ठेवलं. मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली, आणि वजन पुन्हा बाहेर आलं.

आठ दिवसांत सोळा युनिटं वाढली. काकांनी सगळी लिहिली. शेवटचा आकडा तर मोठ्या अक्षरात लिहिला.

टेलरबाई आल्या त्या पिशवीसकट थेट जिन्याखाली. काकांनी वायरमनलाही बोलावून ठेवलं होतं. फाशी जायचंच तर साक्षीदारासमोर, असा त्यांचा चेहरा होता. टेलरबाईंनी आकडा वाचला, वही वाचली, वर जाऊन कुलूप, मेन स्विच पाहून आल्या. मग पिशवी खाली न ठेवताच उभ्या राहिल्या. भांडल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं.

"बाई," काका म्हणाले, "आकडा हलला. मी नाकारत नाही. पण मीटर खरा आहे, हेही मी छातीवर हात ठेवून सांगतो. आत्ता वरचं सगळं बंद आहे. बघा. दिवा मिणकतोय?"

चौघांनी पाहिलं. दिवा मिणकत नव्हता. एक मिनिट गेलं. दोन गेली. वायरमनने कान खाजवला.

"म्हणजे कुणी बघत असलं की मीटर शहाण्यासारखा वागतो," टेलरबाई म्हणाल्या. "माझ्या धाकट्या भाच्यासारखा."

"तुमचं चालू द्या," काकू म्हणाल्या. "पाच वाजले. मी पंप लावते. गुलाब माना टाकून बसलेत." आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. खट्. बाहेर पंप घरघरला.

मीटरवरचा दिवा वेड लागल्यासारखा मिणकू लागला.

दिवा मिणकतच होता, सेकंदाला जवळजवळ एकदा. काकांच्या सवयीने मोजायला सुरुवात केली. मिनिटाला त्रेपन्न. दोनशे वॅटला मिनिटाला साडेदहा, तर त्रेपन्नला... त्यांना गुणाकार-भागाकार करायला वेळ लागत नसे. हजार वॅट. रोज दोन तास. रोज दोन युनिटं. महिन्याची साठ.

"बंद करा!" वायरमन ओरडला. पंप थांबला. दिवा थांबला. "लावा!" पंप, दिवा. "बंद!"

"अहो, मोटर जळेल!" काकू आतून म्हणाल्या.

वायरमन तोवर जिना चढून वरच्या वळणावरचा लाकडी डबा उघडून बसला होता. त्यात तारांना तारा जोडलेल्या होत्या. टॉर्च मारून तो म्हणाला, "काका, या वर. हे पाहा. वरची केबल इथे येते. इथून एक फांदी बाईंच्या खोलीत. दुसरी गच्चीवरच्या टाकीत, तरंगत्या स्विचला. टाकी भरली की तो पंप तोडतो. तिथून तार खाली तुमच्या स्वयंपाकघरातल्या बटणाला, आणि बटणावरून पंपाला. बटण खाली, पण वीज वरच्या केबलची. आणि केबलवर आपला मीटर."

म्हणजे टेलरबाई महिनाभर काकूंच्या गुलाबांना पाणी घालत होत्या.

"हे वायरिंग कुणी केलं?" वायरमनने विचारलं.

काकांचा चेहरा महिन्याभरात पहिल्यांदा उजळला. "मेहुण्याने," ते म्हणाले. "हिच्या भावाने. वीस वर्षांपूर्वी. मी तेव्हाच म्हटलं होतं, त्याच्या हातात पक्कड देऊ नका!"

"माझ्या भावाचं नाव काढू नका," काकू पदराला हात पुसत जिन्यात आल्या. "टाकी उतू जायची ती त्याने थांबवली. वीस वर्षांत एकदा तरी उतू गेली का?"

"तसं त्यांचं काही चुकलं नाही काका," वायरमन म्हणाला, फार हळू आवाजात. "तेव्हा घराला एकच मीटर होता. तार कुठूनही घेतली तरी बिल एकच. चुकलं ते आपण मीटर खाली लावला तेव्हा. या डब्याच्या पुढे, बाईंच्या दाराशी लावला असता, तर पंप आपोआप बाहेर राहिला असता." आणि मग जे बोलायला नको होतं ते तो बोलला. "मी म्हटलं होतं."

काका जिन्याच्या पायरीवर बसले.

चौतीस वर्षं त्यांनी पारडी उलटी केली होती. हजारो पारडी. तेलवाल्याची, धान्यवाल्याची, भंगारवाल्याची. आणि स्वतःच्या घरात माप लावलं तेव्हा काटा दोनदा तपासला, सील ठोकलं, वही घातली, आणि पारडं उलटं करायचं राहून गेलं. मीटर खरा होता. त्याच्या खाली एक हजार वॅटचा पंप चिकटलेला होता.

"बाई," ते खालच्या आवाजात म्हणाले, "माप खोटं नव्हतं. मी खोटा होतो."

"जाऊ द्या हो काका," टेलरबाई म्हणाल्या. "माझ्याकडूनही एकदा कॉलर उलटी लागली होती. मीटर वर न्या, मी कुठे जात नाही."

पण काका जाऊ देणाऱ्यांपैकी नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः ठोकलेलं सील स्वतःच्या चिमट्याने तोडलं. वायरमनने मेन स्विच पाडून, टेस्टर लावून मीटर सोडवला, जिन्याखालच्या केबलची टोकं नीट जोडून डब्यात बंद केली, आणि मीटर वर टेलरबाईंच्या दाराशी, मेन स्विचच्या अलीकडे बसवला. काकांनी या वेळी जागेबद्दल मत दिलं नाही. मग चाचणी झाली. खाली पंप लावला, दिवा शांत. पंप बंद करून वर मशीन लावलं, दिवा मिणकला. दोन्ही लावलं, तरी दिवा मशीनपुरताच मिणकला. वायरमन म्हणाला, झालं. काकांनी तरीही मीटरमधून बाहेर पडणाऱ्या दोन तारांचा बोट फिरवत खोलीपर्यंत माग काढला आणि खोलीतल्या एकेका बटणाखाली वाकून पाहिलं.

मग ते खाली आले आणि त्यांनी पंपाच्या बटणावर कागदाची पट्टी चिकटवली, तिच्यावर सही केली, तारीख घातली आणि खाली लिहिलं, मुद्देमाल, निकाल लागेपर्यंत हात लावू नये.

काकू हे पाहायला घरी नव्हत्या. आपल्या भावाची निर्दोष सुटका झाली, हे त्याला तोंडाने सांगण्यासाठी त्या सकाळीच त्याच्याकडे गेल्या होत्या, आणि दुपारी फोन करून म्हणाल्या की आता जेवूनच येते.

तेवढ्या वेळात काकांनी जुन्या नमुन्याप्रमाणे नोटीस लिहून काढली. आरोपी, स्वतः. हुद्दा, निवृत्त. गुन्ह्याचं ठिकाण, जिन्याखाली. मुद्देमाल, पंपाचं बटण, पट्टी लावून बंद. गुन्ह्याचं स्वरूप, सदर इसमाने सल्ला मिळालेला असताना तो न जुमानता चुकीच्या जागी माप बसवून एका कष्टाळू बाईंच्या माथी दुसऱ्याच्या पंपाची वीज मारली व वर त्यांच्यावर शेगडीचा संशय घेतला. शिक्षा या मथळ्यापुढे त्यांनी बराच वेळ विचार केला. जास्तीची सगळी युनिटं बाईंच्या खात्यातून वजा हे तर झालंच. शिवाय नोटीस सात दिवस गेटवर लावावी. शिवाय आरोपीने सकाळ-संध्याकाळ बागेचं पाणी स्वतः घालावं, आणि मत देऊ नये. तीन प्रती केल्या. एक घराला, एक बाईंना, एक कुणाला द्यायची ते ठरेना म्हणून फाइलला.

संध्याकाळी इस्त्रीचा सदरा घालून काका वर गेले. दार उघडं होतं. खोलीत कुणी नव्हतं, पण न्हाणीघरात बादलीचा आवाज होता.

"बाई, बाहेर येईपर्यंत थांबत नाही, कारण धीर सुटेल," काका दाराबाहेरून, मीटरशेजारी उभं राहून म्हणाले. "तिथूनच ऐका." त्यांनी घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली. 'सदर इसमाने'पाशी आवाज थोडा भरून आला. गुन्ह्याचं स्वरूप त्यांनी दोनदा वाचलं. शेवटी कागद खाली घेऊन ते म्हणाले, "बाई, ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांची मापं तपासली, तो आज तुमच्यासमोर मान खाली घालून उभा आहे. माणसाने जगाचा न्याय करण्याआधी स्वतःच्या घरातली तार कुठून कुठे जाते हे पाहावं. आता तुम्ही द्याल ती शिक्षा मला मान्य आहे. बोला."

आतून नळ पिळल्याचा कोरडा आवाज आला.

"काका," दाराआडून टेलरबाई म्हणाल्या, "ती पट्टी काढून तेवढा पंप लावता का? डोळ्यांत साबण गेलाय."